अंशांनी की अंशांपर्यंत

चवथीच्या सुट्टीआधीची पहिली युनिट टेस्ट होती, भौतिकशास्त्राची, आणि ती मुलगी पेपर दाखवायला आली तेव्हा पेपराची घडी इतकी बारीक केली होती की उलगडायलाच वेळ लागला. दोडामार्गकडची मुलगी, दहावीपर्यंत सगळं मराठीतून, विज्ञानात चांगले मार्क, आणि आता डिचोलीला मामाकडे राहून इथल्या हायर सेकंडरीत अकरावी सायन्स. माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येतात त्यांच्यात अशी एकदोन मुलं दरवर्षी असतातच. गोव्यातल्या मुलांचं तसं नसतं, इथे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि मग पाचवीपासून बहुतेक सगळीकडे इंग्लिश, म्हणजे शब्द थोडे असतात तेव्हाच पूल ओलांडून होतो. पण सीमेपलीकडून दहावी करून येणारं मूल डोक्यात अख्खं विज्ञान मराठीत घेऊन येतं, आणि जूनमधे एका दिवसात त्याच्या सगळ्या ओळखीच्या गोष्टींची नावं बदलतात.

पेपरातला दुसरा प्रश्न तिने कोरा सोडला होता. प्रश्न असा की एक बस स्टार्टिंग फ्रॉम रेस्ट, युनिफॉर्म ॲक्सिलरेशनने 10 सेकंदांत 20 मीटर प्रति सेकंद व्हेलॉसिटी गाठते, तर तेवढ्या वेळात किती डिस्टन्स कापते. मी पेपर बाजूला ठेवला आणि तिला तोंडी सांगितलं, हे बघ, कदंबाची बस स्टँडवर विराम अवस्थेत आहे, एकसमान त्वरणाने निघाली, दहा सेकंदांत वेग 20 झाला, अंतर काढ. तिने वहीच्या मागच्या पानावर `v = u + at` लिहिलं, u शून्य, त्वरण 2 आलं, मग `s = ut + ½at²` मधून 100 मीटर, हे सगळं मिनिटभरात, आणि वर बघून म्हणाली, "टीचर, ह्या तर माका येता." तिने अडलेला शब्द म्हणून बोट ठेवलं ते रेस्टवर. ॲक्सिलरेशन तिला ठाऊक होतं, वर्गात दहा वेळा ऐकलेलं. रेस्ट म्हणजे विश्रांती एवढंच माहीत, आणि विश्रांतीपासून सुरू होणारी बस काय असते ते कळेना, म्हणून u ची किंमत दिलेलीच नाही असं समजून तिने सोडून दिलं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण पहिलं केलं ते चुकलं. मी त्या रविवारी बसून शब्दांची यादी काढली. दोन रकाने, डावीकडे इंग्लिश शब्द उजवीकडे मराठी, धडा एकपासून पुढे, साधारण चारशे शब्द झाले. मराठी शब्द शोधायला काही त्रास नव्हता, महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, भौतिकशास्त्राचा वेगळा, रसायनाचा वेगळा, आणि शिवाय तिची नववी-दहावीची पुस्तकं होती. पुस्तकातला शब्द आणि कोशातला शब्द वेगळा निघाला तर मी पुस्तकातलाच घेतला, हे एक मात्र पहिल्यापासून बरोबर केलं, कारण मुलाच्या डोक्यात जो शब्द आहे त्यालाच नवीन शब्द जोडायचा असतो, तिसरा शब्द मधे आणून उपयोग नाही. यादीच्या झेरॉक्स काढल्या, मुलांना दिल्या, मुलांनी पाठ केली. इनर्शिया जडत्व, मोमेंटम संवेग, रेझिस्टन्स रोध, पोटेन्शियल डिफरन्स विभवांतर, घडाघडा म्हणायची. आणि पुढच्या टेस्टमधे पुन्हा तीच गत.

यादी पाठ होऊनही मार्क हलले नाहीत तेव्हा मी एक करून बघितलं, आणि ते आता दर मुलाबरोबर करते. चुकलेला प्रत्येक प्रश्न आधी मराठीत तोंडी विचारायचा. मराठीत विचारल्यावरही नाही आला तर ती संकल्पनेची अडचण आहे, तिथे शब्दकोश काही करू शकत नाही, तो धडाच परत शिकवायला हवा. मराठीत आला आणि इंग्लिशमधे नाही आला तर मग तिच्याकडून वाक्यातला एकेक शब्द वाचून घ्यायचा आणि कुठे थांबते ते बघायचं. असं केलं तेव्हा लक्षात आलं की ती ज्या शब्दांवर थांबते ते माझ्या चारशेच्या यादीत जवळजवळ नव्हतेच. माझी यादी मोठ्या, अवघड दिसणाऱ्या शब्दांची होती, आणि ते मोठे शब्द मुलं वर्गात शिकतातच, कारण शिक्षक ते फळ्यावर लिहितात, व्याख्या सांगतात. फळ्यावर कोणी लिहीत नाही ते अडत होतं. रेस्ट, लाइट, स्मूथ, नॉर्मल, बाय, टू.

म्हणून वही बदलली. आता दोनशे पानी वही आहे, एका पानावर एकच शब्द, आणि शब्दाखाली एक अख्खं इंग्लिश वाक्य जसं प्रश्नात येतं तसं, त्याखाली तेच वाक्य मराठीत, आणि तळाला एक ओळ, हा शब्द कशाशी घोटाळतो. बस एवढंच. एका पानाला दहा मिनिटं जातात, म्हणून वही हळू भरते, आणि मला आता वाटतं की हळू भरते तेच बरं.

पहिलं पान तिनेच सुचवलेलं, रेस्टचं. पण ते लिहिताना कळलं की असे बरेच शब्द आहेत जे खरं म्हणजे गुपचूप एक शून्य देऊन जातात. स्टार्टिंग फ्रॉम रेस्ट म्हणजे u शून्य. कम्स टू अ स्टॉप म्हणजे v शून्य. स्मूथ सरफेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग हे बरोबर, पण गणिताला त्याचा अर्थ एवढाच की घर्षण शून्य धर. लाइट स्ट्रिंग म्हणजे हलकी दोरी, तिचं वस्तुमान शून्य धर, आणि इथे तर मुलगी लाइट म्हणजे प्रकाश असं समजून बसली होती आणि दोरीत प्रकाश कुठून आला म्हणून वाक्य तीनदा वाचत होती. मराठी पुस्तकात ही माहिती बहुतेक वेळा उघड सांगितलेली असते, विराम अवस्थेतून, घर्षण नाही असे मानून, असं, त्यामुळे शब्दात लपलेलं शून्य बाहेर काढायची सवयच नसते. मी वहीत अशी सलग पाच पानं केली आणि मुलांनीच त्यांना शून्याचे शब्द असं नाव दिलं.

यातलं एक पान मला परत लिहावं लागलं ते सांगण्यासारखं आहे. ड्रॉप्ड म्हणजे सोडला, थ्रोन म्हणजे फेकला, हा फरक मराठीतही अगदी तसाच आहे आणि मुलांना लगेच पटतो, म्हणून मी तळाला लिहिलं की ड्रॉप्ड दिसलं की u शून्य. पुलावरून दगड सोडला तर ते बरोबर. पण मग एक गणित आलं, एक फुगा 5 मीटर प्रति सेकंद वेगाने वर जातो आहे आणि त्यातून दगड सोडला, तो 4 सेकंदांनी जमिनीवर पडला, तर सोडला तेव्हा उंची किती. मुलगी वहीप्रमाणे u शून्य घेऊन गेली, g 10 धरला होता, उत्तर आलं 80 मीटर. खरं उत्तर 60. कारण सोडला म्हणजे हाताने धक्का दिला नाही एवढंच, हात ज्या वेगाने चालला होता तो वेग दगडाकडे असतोच, म्हणून दगड आधी 5 च्या वेगाने वर जातो आणि मग खाली येतो, वर जाण्याचे 5 गुणिले 4 म्हणजे 20 मीटर त्या 80 मधून जातात. चूक मुलीची नव्हती, माझ्या पानाची होती. मी अर्थ द्यायच्या जागी किंमत दिली होती. आता त्या पानावर लिहिलंय, धक्का न देता सोडला, सोडणाऱ्याचा जो वेग तोच सुरुवातीचा वेग. आणि खाली दोन्ही वाक्यं, पुलाचं आणि फुग्याचं.

नॉर्मलचं पान सगळ्यात जास्त कामाला आलं असं मला वाटतं. नॉर्मल हा शब्द प्रत्येक मुलाला येतो, आजी पण म्हणते बीपी नॉर्मल आहे, आणि म्हणूनच कोणी अर्थ विचारत नाही. प्रकाशाच्या धड्यात मात्र नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला लंब काढलेली रेषा, तिच्या पुस्तकात तिला स्तंभिका म्हणतात, आणि आपतन कोन हा किरण आणि स्तंभिका यांच्यातला असतो. इंग्लिश वाक्यात अँगल बिटवीन द रे अँड द नॉर्मल असं आलं की मुलं नॉर्मलकडे दुर्लक्ष करतात आणि कोन सरळ पृष्ठभागापासून मोजतात, जो समोर दिसतो तो. आता यातली गोम अशी आहे की आरशाच्या गणितात ही चूक दिसतच नाही. किरण आरशाशी 30 अंश करत असेल तर खरा आपतन कोन 60, पण दोन्ही बाजूंनी चुकीचाच कोन मोजला तरी परावर्तन कोन त्याच्याएवढाच येतो, आकृती बरोबर दिसते, मूल खूश, शिक्षकही पुढे जातो. चूक बाहेर पडते ती अपवर्तनात. तोच किरण काचेवर पडला, काचेचा अपवर्तनांक 1.5, आता `sin i / sin r = 1.5`. कोन 60 घेतला तर r साधारण 35.3 अंश येतो, 30 घेतला तर 19.5. आता उत्तर जुळत नाही आणि मुलाला वाटतं अपवर्तन अवघड आहे, आपल्याला ते जमत नाही, तर खरी गडबड त्याच्या आधीच्या धड्यात, आरशापाशी, एका सोप्या शब्दात झालेली असते. म्हणून मी आता आरसा शिकवतानाच मुद्दाम पृष्ठभागापासूनचा कोन देते आणि आधी आपतन कोन काय तेवढंच विचारते. 30 म्हणाला की कळतं, नॉर्मलचं पान अजून शिरलेलं नाही.

आणि मग नॉर्मल हा बलांच्या धड्यात पुन्हा येतो, टेबलावर पुस्तक ठेवलं की टेबल जे वर ढकलतं ते नॉर्मल फोर्स. इथेही साधं बल नव्हे, लंब बल. एकदा प्रकाशात पान नीट झालं असेल तर इथे मूल स्वतःच म्हणतं, म्हणजे पृष्ठभागाला लंब ना. उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याला ते बल सरळ वर नसून उतरणीला लंब असतं हे समजायला तो एक शब्द केवढा उपयोगी पडतो.

हे झालं इंग्लिशचं. पण एक घोटाळा तिसऱ्याच भाषेतून येतो आणि त्याची मला सुरुवातीला अजिबात कल्पना नव्हती. मुलांना वर्गात कळलं नाही की ती फोनवर व्हिडिओ बघतात, आणि चांगले फुकट व्हिडिओ बरेचसे हिंदीत असतात. हिंदी मुलांना कळतं, देवनागरीच आहे, शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून इंग्लिशपेक्षा ते जवळचं. पण विज्ञानाचे काही शब्द हिंदीत आणि मराठीत तेच असून अर्थ वेगळे आहेत. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. एकाच अक्षरांचा शब्द, एक पायरी सरकलेला.

हे मला कळलं ते रसायनाच्या मोलच्या धड्यात. प्रश्न होता 32 ग्रॅम ऑक्सिजन वायूत किती ॲटम्स असतात. तिने लिहिलं 6.022 × 10²³. मी म्हटलं ॲटम म्हणजे काय, म्हणाली अणू. बरोबर. ऑक्सिजनच्या रेणूत किती अणू, म्हणाली दोन, O₂ आहे ना. तेही बरोबर. मग उत्तर हे कसं, तर म्हणाली की व्हिडिओत सांगितलंय, ऑक्सिजनच्या एका मोलमधे 6.022 × 10²³ अणु असतात. आणि व्हिडिओतल्या माणसाचं चुकलं नव्हतं, तो हिंदीत बोलत होता, त्याचा अणु म्हणजे रेणू. 32 ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे एक मोल, त्यात रेणू 6.022 × 10²³ आणि प्रत्येकात दोन अणू, म्हणून अणू 12.044 × 10²³. तिचं उत्तर बरोब्बर अर्धं आलं होतं, आणि अशी बरोब्बर अर्धी किंवा दुप्पट उत्तरं आली की मी आता पहिल्यांदा हेच विचारते, हिंदी व्हिडिओ बघितलास का. गंमत नाही करत, खरंच उपयोगी पडतं, कारण गणिताची चूक असली तर उत्तर कसंही येतं पण अर्थाची चूक असली तर उत्तर व्यवस्थित, नेटकं चुकतं.

आम्ल आणि आम्लारीच्या धड्यात हेच पुन्हा. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार हा अल्कलीला. म्हणजे मराठी मूल क्षार ऐकून मिठाच्या बाजूला जातं आणि बोलणारा कॉस्टिक सोड्याच्या बाजूला असतो. पेडण्यात आगरवाड्याची मिठागरं ज्या मुलांनी बघितली आहेत त्यांना मी सांगते, ऊन लागून पाणी गेल्यावर मागे राहतं तो मराठीतला क्षार, लिटमसला तो निळा करत नाही. हिंदीतला क्षार लाल लिटमस निळा करतो. तेवढ्याने लक्षात राहतं.

तेव्हापासून वहीच्या तळच्या ओळीत एक खूण वाढली, ज्या शब्दाचा हिंदीशी घोटाळा होतो त्याला लाल टिकली. मी व्हिडिओ बघू नका असं सांगत नाही, ते अन्यायाचं होईल, रात्री साडेनऊला अडलेल्या मुलाला दुसरं कोण आहे. लाल टिकलीचा शब्द ऐकला की थांबून इंग्लिश शब्द काय म्हणतोय ते बघायचं, पडद्यावर तो लिहिलेला असतोच, आणि इंग्लिश शब्द तिन्ही बाजूंना एकच आहे.

पण ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ते पान वेगळंच आहे, ते शब्दाचं पान म्हणावं की नाही हाही प्रश्न आहे. उष्णतेचं गणित होतं. अर्धा किलो पाणी, सुरुवातीचं तापमान 30 अंश सेल्सिअस, ते हीटेड टू 50 अंश, तर किती उष्णता लागेल, पाण्याची विशिष्ट उष्मा धारकता 4200 जूल प्रति किलो प्रति अंश. तिने `Q = mcΔT` लिहिलं, 0.5 गुणिले 4200 गुणिले 50, उत्तर 1,05,000 जूल. मी विचारलं ΔT 50 कुठून आणलास, तर म्हणाली प्रश्नातच आहे ना, 50 अंश तापवलं. मी वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं, तिने वाचलं, टू फिफ्टी, आणि टू वर तिचा आवाज थांबलाही नाही. 50 अंशांपर्यंत तापवलं तर वाढ 20 ची, उष्णता 42,000 जूल. तिने काढलं ते 50 अंशांनी तापवल्याचं, म्हणजे पाणी 80 ला गेलं.

मी वहीत दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली, हीटेड बाय 50 आणि हीटेड टू 50, आणि त्यांच्याखाली मराठी, 50 अंशांनी तापवलं, 50 अंशांपर्यंत तापवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मराठीत हा फरक शब्दाच्या शेपटीला असतो, नी आणि पर्यंत, आणि आपला कान शेपटीकडे असतो, आकडा आला की पुढे काय लागतंय ते ऐकायचं. इंग्लिशमधे तो आकड्याच्या आधी येतो आणि दोनच अक्षरांचा, मराठी कान तिथे अजून जागाच झालेला नसतो. मूल इंग्लिश वाक्य वाचताना मोठे शब्द आणि आकडे उचलतं आणि मधली बारीक जोडणी स्वतःच करून घेतं, आणि ती जोडणी बहुतेक वेळा जमते, म्हणून ही सवय पकडली जात नाही. जिथे टू आणि बाय दोन्ही शक्य असतात तिथेच फसते.

मग आम्ही अशा जोड्या शोधायला लागलो. इन्क्रीजेस बाय 3 आणि इन्क्रीजेस टू 3. रिड्यूस्ड बाय हाफ आणि रिड्यूस्ड टू वन थर्ड, पहिल्यात अर्धं उरतं आणि दुसऱ्यात एक तृतीयांश, पण बाय वन थर्ड असतं तर दोन तृतीयांश उरलं असतं. इन 5 सेकंद्स आणि ॲट 5 सेकंद्स, पाच सेकंदांत आणि पाचव्या सेकंदाला. हे वाक्य तर गतीच्या धड्यात जागोजागी आहे. पहिल्या 5 सेकंदांत कापलेलं अंतर वेगळं, 5 सेकंद झाले त्या क्षणाचा वेग वेगळा, आणि इन द फिफ्थ सेकंद म्हणजे पाचव्या एका सेकंदात, चार ते पाच, हे अजून वेगळं. विराम अवस्थेतून 2 च्या त्वरणाने निघालेल्या त्या कदंबाच्या बसचंच घेतलं तर पहिल्या पाच सेकंदांत 25 मीटर, पाचव्या सेकंदाला वेग 10 मीटर प्रति सेकंद, आणि फक्त पाचव्या सेकंदात 9 मीटर, कारण चार सेकंदांत 16 झाले होते. तीन वेगळी उत्तरं आणि शब्द म्हणाल तर इन, ॲट, द. कुठल्या परिभाषा कोशात हे मिळणार? तिथे मिळायचं कारणही नाही, ते पारिभाषिक शब्दच नव्हेत. पण विद्यार्थ्याच्या शब्दसंग्रहात हीच पानं सगळ्यात पुढे असायला हवीत असं माझं आता पक्कं मत आहे, आणि कोणी असा संग्रह करायला घेत असेल तर माझं एवढंच मागणं आहे की शब्द कमी घ्या, वाक्यं घ्या.

या सगळ्यात मराठी शब्द टाकून द्यायचे का असं मला तिच्या मामाने विचारलं, त्यांचं म्हणणं की आता इंग्लिशच लिहायचंय तर जुनं डोक्यात कशाला. मी त्यांना जडत्व सांगितलं. इनर्शिया हा शब्द मुलाला काहीच सांगत नाही, जडत्व ऐकलं की जड वस्तू हलवायला आणि थांबवायला त्रास देते हे निम्मं कळलेलं असतं. द्रव, द्राव्य, द्रावक, द्रावण हे चार शब्द एका घरातले आहेत हे कानालाच समजतं. अर्थ तिथे ठेवलेला आहे, तो का सोडायचा. उलट गंमत म्हणजे चिन्हांचं कोडं इंग्लिशने सुटतं. मराठी पुस्तकातही वस्तुमानाला m आणि त्वरणाला a असंच लिहितात, मुलं तीन वर्षं ते तसंच पाठ करतात, आणि मास, ॲक्सिलरेशन हे शब्द आल्यावर एकदम म्हणतात, अच्छा म्हणून a!

मर्यादा मात्र वेळेची आहे. परीक्षेत प्रत्येक वाक्य मनात मराठीत करून सोडवायला लागलं तर पेपर पुरा होत नाही. म्हणून दिवाळीनंतर मी वही बंद करून घेते, गणित सोडवताना उघडायची नाही, चुकलं तरच उघडायची. तेव्हा कुठली पानं पुन्हा पुन्हा उघडतात ते बघते. शून्याचे शब्द लवकर सुटतात. नॉर्मल सुटतो. टू आणि बाय फेब्रुवारीपर्यंत राहतात.

ती मुलगी आता बारावीत आहे. या जूनमधे तिच्याच गावचा एक मुलगा आला, त्याच्यासाठी वहीची प्रत करायला तीच बसली, आणि त्याला जीवशास्त्र पण आहे म्हणून तिकडची वही नवीन सुरू केली. तिथे गोष्ट उलटी आहे, तिथे नावंच हजार, वाक्यं साधी, म्हणून तिथे माझी ती पहिली दोन रकान्यांची यादीच बरी पडते असं दिसतंय. लाल टिकली मात्र पहिल्याच पानावर लागली. सेल म्हणजे पेशी, आणि हिंदीत पेशी म्हणजे मसल. मसल म्हणजे आपला स्नायू, आणि हिंदीतला स्नायु म्हणजे लिगामेंट. तिने हे सगळे शब्द एका पानावर बाणांनी जोडलेत, आणि आता तो मुलगा लिगामेंटला मराठीत काय म्हणतात ते त्याच्या दहावीच्या पुस्तकात शोधतोय.